हत्ती गेला, शेपूट राहिलं? सीए इंटरच्या तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाचं एक प्रकरण

या प्रकरणातली मुलगी काल्पनिक आहे, तिला सई म्हणू. नियम आणि परीक्षेची रचना खरी आहे. खर्चाचे आकडे एका मध्यमवर्गीय घराच्या हिशेबाने उदाहरणादाखल घेतले आहेत.

सई इंदूरची, सुदामा नगरात राहणारी. २०२३ साली बारावी कॉमर्स चांगल्या मार्कांनी झाली. घरात एक काका सीए आहेत, त्यामुळे पुढे काय करायचं यावर फारशी चर्चा झालीच नाही. देवी अहिल्या विद्यापीठाच्या एका कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं आणि भंवरकुआँला कोचिंग लावलं. डिसेंबर २०२३ मध्ये फाउंडेशन पहिल्याच झटक्यात निघालं. त्यानंतरचं प्रगतिपत्रक असं:

जानेवारी २०२५ ला इंटरचे, म्हणजे मधल्या टप्प्याचे, तीन-तीन पेपरांचे दोन्ही ग्रुप दिले, दोन्ही गेले. पहिल्या ग्रुपमध्ये ५२, ४१ आणि ४५ मिळाले. प्रत्येक पेपरात किमान ४० लागतात, ते होते, पण ग्रुपच्या तीनशेपैकी १५० लागतात आणि बेरीज १३८ भरली. मे २०२५ ला फक्त पहिला ग्रुप दिला आणि तो १५७ मार्कांनी सुटला. सप्टेंबर २०२५ ला दुसरा ग्रुप दिला: कॉस्टिंग ३१, ऑडिट ६२, फायनान्शियल मॅनेजमेंट आणि स्ट्रॅटेजिकचा एकत्र पेपर ४४. ग्रुप गेला, पण ६० च्या वर असल्याने ऑडिटला एक्झेम्प्शन मिळालं, म्हणजे तो पेपर लगेच पुन्हा द्यायला नको. जानेवारी २०२६ ला उरलेले दोन पेपर दिले, कॉस्टिंगमध्ये ३६ आणि दुसऱ्यात ४७ आले. ऑडिटचे ६२ धरून बेरीज १४५.

मार्चमध्ये हा निकाल लागला तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: "चार मार्कांनी गेलं." खरं तर पाच मार्कांनी गेलं. कॉस्टिंगमध्ये ४० मिळाले असते तरी बेरीज १४९ झाली असती आणि ग्रुप सुटला नसता. हा एक मार्क क्षुल्लक आहे, पण तो कोणी मोजला नाही हे क्षुल्लक नाही. पुढे त्याकडे परत येऊ.

आता मूळ अडचण. सईला हा अभ्यास पहिल्या सहा महिन्यांतच नकोसा झाला होता आणि हे तिने आईला दोनदा सांगितलंही होतं. तिला आवडतं ते वेगळंच. कॉलनीतल्या अकरावीच्या चार मुलांना ती अकाउंट्स शिकवायची. त्या शिकवणीच्या दिवशी ती वेळेआधी तयार असे, मुलांनी न विचारलेल्या शंकाही आदल्या रात्री काढून ठेवत असे. तरी चार प्रयत्न झाले, आणि पाचव्याचा फॉर्म भरायची वेळ आली.

निकालाच्या रात्रीचं बोलणं साधारण असं झालं.

"बाबा, मला वाटतं आता पुरे."

"अगं, पुरे काय? एक लाख ऐंशी हजार गेलेत बेटा. तीन वर्षं गेलीत. हत्ती गेला, आता शेपटाला घाबरतेस?"

"मला ते कामच नाही आवडत."

"आवडणं-बिवडणं नंतर. एक्झेम्प्शन हातात आहे. ते वाया घालवणार? आणि काकाला काय सांगू?"

बाबांच्या बोलण्यात चार मुद्दे आहेत. ते एकाच दमात आले म्हणून एकाच वजनाचे वाटतात. तसे ते नाहीत, आणि या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे ते वेगवेगळे काढून ठेवणं.

एक लाख ऐंशी हजार आणि तीन वर्षं हा बुडीत खर्च आहे. फाउंडेशनचं कोचिंग ३८,०००, इंटरचं ९२,०००, नोंदणी आणि फॉर्म ३०,०००, पुस्तकं आणि टेस्ट सिरीज २०,०००. सईने मेची परीक्षा दिली तरी हे पैसे परत येणार नाहीत आणि नाही दिली तरी येणार नाहीत. जो आकडा दोन्ही पर्यायांत सारखाच राहतो, त्याला त्या दोन पर्यायांतून एक निवडताना जागा नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. घरात ते संपत नाही, कारण अभ्यास सोडला की त्या रकमेवर "नुकसान" असा शिक्का बसतो, आणि चालू ठेवला की ती "गुंतवणूक" म्हणून खात्यात दिसत राहते. रक्कम तीच असली तरी शिक्का पुढे ढकलण्यासाठी माणूस आणखी पैसे भरायला तयार होतो.

एक्झेम्प्शनचा मुद्दा मात्र बुडीत खर्चाचा नाही, आणि इथे विषय अर्धवट वाचलेले लोक चुकतात. ऑडिटचे ६२ मार्क मिळवायला लागलेली मेहनत बुडाली. पण त्या मार्कांमुळे पुढच्या तीन प्रयत्नांत तो पेपर द्यावा लागत नाही, ही भविष्यातली सवलत आहे. तिला किंमत आहे आणि मुदतही आहे. त्या तीनपैकी जानेवारीचा एक प्रयत्न वापरून झाला, मे आणि सप्टेंबर २०२६ हे दोन उरले. त्यानंतर एक्झेम्प्शन टिकवायचं तर उरलेल्या पेपरांना जास्त कडक अट लागते. सुटलेला पहिला ग्रुपही असाच हातात आहे. "मागचं सगळं विसर" असा सल्ला सईला दिला तर तो चुकीचा ठरेल. मागच्या श्रमांतून जे अजून हातात आहे ते मोजायचं, आणि जे गेलं ते मोजायचं नाही.

काकांना काय सांगायचं हाही बुडीत खर्च नाही. सोडल्यावर जो अवघडलेपणा येईल तो पुढे येणार आहे, म्हणजे ती खरी किंमत आहे. फक्त ती तिच्या मापाची धरायला हवी: एका लग्नात आणि दोन दिवाळ्यांत ऐकून घ्यावं लागणारं बोलणं. तीन वर्षांच्या आयुष्याला ते तोलून धरत नाही. गंमत म्हणजे काकांना विचारल्यावर ते म्हणाले, "मी कधी म्हटलं सीएच कर म्हणून?"

राहिला हत्ती आणि शेपटाचा मुद्दा. तो सगळ्यात फसवा आहे. काम किती पूर्ण झालं आहे याचा माणसावर पैशापेक्षाही जास्त पगडा बसतो, असं डोनाल्ड कॉनलन आणि हॉवर्ड गारलँड यांनी १९९३ च्या प्रयोगांत दाखवलं. खर्च झालेली रक्कम आणि कामाचं प्रमाण वेगळं करून पाहिलं, तेव्हा लोकांना पुढे रेटत होतं ते मुख्यतः "आता थोडंच राहिलंय" हे. त्यात तथ्यही असू शकतं, कारण खरोखर थोडं राहिलं असेल तर पूर्ण करणंच शहाणपणाचं. म्हणून प्रश्न असा विचारायचा: थोडं, म्हणजे कशाच्या किती?

सईच्या घरात इंटरच्या सहा पेपरांपैकी चार झाले, दोन उरले, असा हिशेब होता. पण इंटर पास होऊन कोणी सीए होत नाही. फाउंडेशनचे चार, इंटरचे सहा आणि फायनलचे सहा मिळून सोळा पेपर होतात. सईचे चार, तीन आणि एक मिळून आठ झाले आहेत, म्हणजे बरोबर निम्मे. नव्या योजनेत इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममधली उमेदवारी, सुरू होत नाही. ती दोन वर्षांची आहे, आणि ती संपल्यावर फायनलला बसण्याआधी सहा महिने जावे लागतात. मधे स्वतः अभ्यासून द्यायचे चार मॉड्यूलही आहेत. मेमध्ये ग्रुप सुटला, लगेच फर्म मिळाली आणि फायनल पहिल्याच प्रयत्नात निघाली, असं सगळं जुळून आलं तरी २०२९ चा पूर्वार्ध उजाडतो. हत्तीचं पुढचं अंग तेवढं दाराबाहेर गेलं आहे.

हा नकाशा बाबांपासून कोणी लपवला नव्हता, सीए इन्स्टिट्यूटच्या माहितीपत्रकात तो आहे. पण प्रत्येक निकालानंतर प्रश्न एवढाच विचारला गेला की पुढचा ग्रुप द्यायचा की नाही. इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये होते. निकाल लागला की पुढच्या फॉर्मची मुदत तोंडावर असते. विचार करायला वेळ नसला की माणूस जे चाललं आहे तेच चालू ठेवतो. प्रत्येक निर्णय छोटा, काही हजारांचा आणि चार महिन्यांचा होता, आणि चारही वेळा तो एकटा पाहिला तर योग्यच वाटला. चार छोटे निर्णय मिळून तीन वर्षांचा एक मोठा निर्णय झाला, जो कोणी घेतलाच नव्हता.

प्रत्येक वेळी पकड घट्ट का होते

बुडीत खर्चाचा मोह एका निर्णयात दिसतो. वाढती बांधिलकी ही त्याची मालिका असते, आणि तिला इंधन पैशापेक्षा जबाबदारीचं जास्त लागतं. बॅरी स्टॉ यांचा १९७६ चा प्रयोग यावर पायाभूत मानला जातो. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका कंपनीच्या दोन विभागांपैकी एकाला संशोधनासाठी एक कोटी डॉलर द्यायला सांगितलं. मग त्या विभागाचा निकाल कळवला आणि आणखी दोन कोटी वाटायला दिले. पहिली निवड स्वतः केली होती आणि ती फसली, अशांनी त्याच फसलेल्या विभागाला सरासरी सुमारे १.३ कोटी दिले. ज्यांना फसलेला निर्णय दुसऱ्याकडून आयता मिळाला होता, किंवा ज्यांचा निर्णय यशस्वी झाला होता, त्यांनी एक कोटीच्या आतच दिले. अपयश आणि स्वतःची सही हे दोन्ही एकत्र आले तेव्हाच हात सैल सुटला.

सईच्या घरात ही सही बाबांची होती. कोर्स त्यांनी सुचवला होता. म्हणून सर्वांत जोरात "चालू ठेव" तेच म्हणत होते, आणि आई, जिची सही नव्हती, ती गप्प का होईना पण साशंक होती. हा स्वभावाचा फरक नाही. उद्या हेच दोघं दुसऱ्याच्या मुलीबद्दल बोलले तर बाबांचंही मत कदाचित आईसारखं असेल. घरात एक साधी चाचणी करता येते: हीच मार्कशीट, हेच वय, हीच आवड एखाद्या शेजाऱ्याच्या मुलीची असती आणि तिने आज, नव्याने, मेचा फॉर्म भरायचा का असं विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं? सईच्या बाबांनी यावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही.

दुसरी खूण माहितीत दिसते. कॉस्टिंगमध्ये दोनदा नापास होऊनही सईने उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवली नव्हती. ती इन्स्टिट्यूटकडे अर्ज करून मिळते, आणि पेपरात नेमकं कुठे पाणी मुरतं आहे ते तिथे दिसतं. त्याऐवजी दर वेळी नवी टेस्ट सिरीज आणि "सातव्या प्रयत्नात टॉप" छापाचे व्हिडिओ पाहिले गेले. मार्गात अडकलेला माणूस धीर शोधतो, माहिती शोधत नाही. कॉस्टिंगच्या ४० वरच थांबलेला तो हिशेब, तो न मोजलेला पाचवा मार्क, याच सवयीतून आला.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रत्येक अपयशानंतर सईने अभ्यासाला वेळ काढण्यासाठी काहीतरी सोडलं. पहिल्यानंतर कॉलेजची नाटकं सुटली. तिसऱ्यानंतर ती शिकवणी सुटली. म्हणजे ज्या पर्यायाकडे जाता आलं असतं तोच बारीक होत गेला, आणि मग "सीए नाही तर दुसरं आहेच काय तिच्याकडे" हे वाक्य दरवर्षी थोडं थोडं खरं होत गेलं. आमच्या मते हे नुकसान एक लाख ऐंशी हजारांपेक्षा मोठं होतं.

पुढचा हिशेब

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सई आणि आईने एका वहीत दोन रकाने आखले. अट एकच होती: आजच्या तारखेच्या आधीचा एकही आकडा लिहायचा नाही.

सीएचा रकाना: किमान तीन वर्षं, अजून सव्वा लाखाच्या आसपास खर्च, मधे दोन वर्षं आर्टिकलशिपचा थोडा स्टायपेंड. यश किती संभवतं हे सईने स्वतः लिहिलं: मेमध्ये ग्रुप सुटण्याची शक्यता निम्मी, आणि सुटल्यास फायनल तीन प्रयत्नांत निघण्याची ४० टक्के. दोन्ही गुणून २० टक्के. हे आकडे अंदाजाचे आहेत. पण वेगवेगळे लिहून गुणले नाहीत तर माणूस फक्त पहिला आकडा लक्षात ठेवतो.

शिक्षकी पेशाचा रकाना: बी.कॉम. संपत आलंच आहे. मध्य प्रदेशात अकरावी-बारावीला शिकवायचं, म्हणजे उच्च माध्यमिक शिक्षक व्हायचं, तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं. दोन वर्षं एम.कॉम. आणि दोन वर्षं बी.एड. धरली तर चार वर्षं होतात, आणि त्यानंतर पात्रता परीक्षा आणि भरतीची वाट पाहणं. खर्च साधारण तेवढाच, शिकवण्यांतून थोडी कमाई.

चार वर्षं पाहून बाबा म्हणाले, "बघ, हे तर जास्तच लांब." बरोबर आहे त्यांचं. बुडीत खर्च बाजूला काढला की उत्तर आपोआप "सोड" असं येत नाही. कधी कधी "चालू ठेव" असंही येतं. बी.कॉम.चं तिसरं वर्ष पूर्ण करायचं यावर तर कोणाचंच दुमत नव्हतं: उरले होते जेमतेम तीन महिने आणि पदवी दोन्ही रस्त्यांवर लागणार होती. ते पूर्ण करण्याचं कारण मागची अडीच वर्षं नव्हती.

वेळ आणि पैसा दोन्हीकडे जवळपास सारखा असल्यावर निर्णय एका गोष्टीवर येऊन थांबला. सईला सीएचा अभ्यास आवडत नाही की सीएचं काम? अभ्यासाचा कंटाळा असेल, त्यातही फक्त कॉस्टिंगचा, तर तो सोसण्यासारखा आहे. कामच नको असेल, तर पास होणं म्हणजे नको असलेल्या गोष्टीत आणखी खोल जाणं. आणि हे घरी बसून कळत नाही. म्हणून काकांच्या नव्हे, ओळखीच्या दुसऱ्या एका ऑफिसात तीन आठवडे दुपारी बसायचं ठरलं. काकांकडे बसली असती तर तिला काम नव्हे, काका कळले असते.

तिला दिलेलं काम सियागंजमधल्या एका किराणा घाऊक व्यापाऱ्याचं होतं. त्याचं खरेदीचं रजिस्टर जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या यादीशी जुळवायचं: पुरवठादाराने टाकलेलं बिल दिसतं का, रक्कम जुळते का, तारीख दुसऱ्या महिन्यात सरकली आहे का. न जुळणाऱ्या नोंदी लाल करायच्या आणि व्यापाऱ्याच्या मुनिमाला फोन लावायचा. रोज संध्याकाळी वहीत दोनच गोष्टी लिहायच्या होत्या: दहापैकी मार्क, आणि पुढचा तास याच कामात घालवावासा वाटतोय का, हो की नाही. मधल्या शनिवार-रविवारी जुन्या मुलांची शिकवणी पुन्हा घेतली, तिलाही तसेच मार्क दिले. चांगल्या-वाईट दिवसांचा परिणाम निघून जावा म्हणून रोजची नोंद हवी. आठवड्याच्या शेवटी एकदम आठवून लिहिलं तर शेवटच्या दिवसाचा मूड सगळ्यावर पसरतो.

सईला ते काम जमत होतं. ऑफिसातल्या सरांनी तसं सांगितलंही. मार्क पाच-सहाच्या आसपास राहिले, आणि "पुढचा तास" या रकान्यात पंधरा दिवसांत दोनदा "हो" आलं. शिकवणीच्या सहाही दिवशी "हो" होतं. जमणं आणि हवंसं वाटणं यांतला फरक तिने पहिल्यांदा कागदावर पाहिला.

मेची परीक्षा आणि लिहून ठेवलेली अट

एवढं झाल्यावर मेची परीक्षा द्यायचीच नाही, असं अपेक्षित वाटेल. फॉर्म मुदतीत भरून ठेवला होता, आणि सईने परीक्षा द्यायचं ठरवलं. तिचं म्हणणं असं: एक्झेम्प्शन अजून जिवंत आहे, दोनच पेपर आहेत, आणि इंटर पूर्ण असलेल्या बी.कॉम.ला अकाउंट्सच्या नोकरीत किंवा खासगी कोचिंगमध्ये शिकवताना वजन मिळतं. हे तिन्ही मुद्दे पुढचे आहेत, म्हणून ग्राह्य आहेत. आम्हाला तरी इथे थोडी शंका राहते. जुनी बांधिलकी नवे, सभ्य कपडे घालून येते तेव्हा असंच बोलते. फरक ठरवतो तो पुढचा कागद.

इटामार सायमनसन आणि स्टॉ यांनी १९९२ मध्ये वाढत्या बांधिलकीला आवर घालण्याचे उपाय तपासले. त्यांत आधीच किमान मर्यादा ठरवून ठेवणं आणि निर्णयाचं मोजमाप निकालाऐवजी निर्णयाच्या पद्धतीवर करणं, हे उपयोगी ठरले. पण अशा अटी घरोघरी मोडतात त्या एकाच जागी. "या वेळी नाही झालं तर सोडते" असं ठरतं आणि निकाल ३८ येतो. इतकं जवळ आलेलं पाहून अट पुन्हा बोलणीला बसते. यशाचीही तीच गत. ग्रुप सुटला की पेढे येतात, आणि पेढ्यांबरोबर आर्टिकलशिपचा फॉर्म.

म्हणून सईच्या कागदावरची अट मार्कांशी बांधलेली नाही. परीक्षेआधीच तो लिहून, तारीख घालून आईकडे दिला आहे. बाबांची सही पहिल्या निर्णयावर होती, म्हणून राखण आईकडे. मजकूर असा:

"मेची परीक्षा शेवटची. पास झाले तरी आर्टिकलशिपला नाव घालणार नाही. नापास झाले, कितीही थोडक्यात, तरी सप्टेंबरचा फॉर्म भरणार नाही. एम.कॉम.चा प्रवेश अर्ज निकालाची वाट न पाहता भरणार. अभ्यासाला दिवसाला चार तास, शिकवणी बंद करणार नाही. हे बदलायचं असेल तर निकालाच्या आधी बदलायचं, आणि कारण पुढचं हवं, मागचं नाही."

बाबांनी कागद दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आणि काकाने ओळखीच्या फर्ममध्ये चांगला स्टायपेंड मिळवून दिला तर?" ते पुढचं कारण आहे, सई म्हणाली, पण तेसुद्धा परीक्षेआधीच सांगावं लागेल. बाबांनी त्याच रात्री काकांना फोन लावला.